पावसाळ्यातल्या पापडांविषयी मित्रास पत्र

प्रिय अरविंद,

सप्रेम नमस्कार.

उडदाचे पापड मधोमध करपतात, कडा मात्र कच्च्या राहतात आणि जेवायला बसेपर्यंत सारेच सादळते, असे तू लिहिलेस. रत्नागिरीच्या पावसात हे होणारच. पण या तक्रारींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे पाणी. कच्च्या पापडात थोडा ओलावा मुरलेला असतो. झटकन मोठी आच लागली की त्याची वाफ होते आणि तीच पापडाला फुलवते. आच मंद असली, तर वाफ हळूहळू निघून जाते आणि पापड न फुलता चिवट व कडक होतो.

म्हणून भाजताना ज्योत मध्यमाहून थोडी मोठी ठेव, पण पापड एका जागी थांबू देऊ नकोस. चिमट्याने धरून आधी कडा ज्योतीवरून फिरव, मग मधला भाग, आणि दर क्षणाला बाजू पालट. मध्यापासून सुरुवात केली की तो भाग आक्रसतो, कडा वर वळून आचेपासून दूर जातात, आणि त्या भाजण्याच्या नादात मध्य काळा पडतो. भाजलेला भाग पांढुरका व बारीक फोडांचा दिसतो. पिवळट, तुकतुकीत राहिलेला डाग कच्चा समजावा. चिमट्याखालची जागा हमखास कच्ची राहते, तेव्हा शेवटी पकड बदलायला विसरू नकोस.

तळायचे असतील, तर पापडाचा नखाएवढा तुकडा तेलात टाकून पाहा. तो लगेच फुलून वर आला, तर तेल तयार आहे; तळाशी रेंगाळला, तर थांब, नाहीतर पापड तेल पितील. तेलातून धूर निघू लागला असेल, तर आच कमी कर, कारण पापड तीन-चार सेकंदांतच तळून होतो आणि तांबूस दिसेपर्यंत थांबलास, तर बाहेर काढल्यावरही तो आतल्या उष्णतेने काळवंडतो. काढलेले पापड चाळणीत उभे ठेव. गरम असताना एकावर एक रचून झाकले, तर त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते.

तयार पापडात पाणी जवळजवळ उरलेले नसते, आणि त्यातले मीठ व पापडखार हवेतला दमटपणा ओढून घेतात. त्यामुळे पानावर बसल्यावरच भाजावेत, हे उत्तम. सादळलेला भाजका पापड कोरड्या तव्यावर मंद आचेवर ठेवला, तर पुन्हा कुरकुरीत होतो. तळलेल्याचा मात्र तेलकट वास येऊ लागतो.

फोडलेले पाकीट नुसते दुमडून रबर लावू नकोस. ते घट्ट झाकणाच्या कोरड्या स्टीलच्या डब्यात ठेव आणि लागतील तेवढेच पापड कोरड्या हाताने काढ. फ्रिजमध्ये ठेवणार असशील, तर डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नकोस, कारण थंड पापडांवर दव धरते. फार मऊ पडलेल्या पापडांना थोडे ऊन दाखव, पण दिवसभर वाळवू नकोस, नाहीतर ते हाताळताना तुटतात आणि नीट फुलतही नाहीत. मात्र कुबट वास आला किंवा कापसासारखी बुरशी दिसली, तर ते सरळ टाकून दे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत