जुन्या बाजारातल्या रेकॉर्डवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे असं उघड्यावर लिहिते आहे. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, रविवारी, कुलपं-किल्ल्यांच्या ढिगाशेजारी तुम्ही रेकॉर्डांची खोकी मांडून बसला होतात. मी अमीर खांसाहेबांनी गायलेल्या मारवा रागाची रेकॉर्ड उचलली आणि विचारलं, "काका, असंच आणखी काही आहे का?" तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "असंच म्हणजे कसं? आधी ते सांग."

खरं सांगते, तेव्हा राग आला होता. महिनाभर मी फोनवरच्या गाण्यांच्या अ‍ॅपला हाच प्रश्न विचारत होते. ते शास्त्रीय, शांत, संध्याकाळ असं काहीबाही जुळवून पावसाच्या आवाजावरची बासरी ऐकवायचं. नाहीतर त्याच काळातले बडे गुलाम अली खां. ते थोरच, पण मारव्याच्या अंधारातून उठून लखलखत्या दिवाणखान्यात आल्यासारखं व्हायचं. काळ तोच, ख्याल तोच, आणि तरी काहीच जुळत नव्हतं.

तुमच्यापुढे बराच वेळ चाचरल्यावर माझ्या तोंडून निघालं, "घाई नाही त्यांना." तुम्ही लगेच मांडी बदललीत. "मग घाई मोज," म्हणालात. घरी जाऊन मारव्यातलं 'पिया मोरे अनत देस' लावायचं, झुमरा तालाच्या चौदा मात्रा बोटांवर धरायच्या आणि एक आवर्तन किती वेळ चालतं ते घड्याळात बघायचं. पहिल्या दोन रात्री समच सापडली नाही. तिसऱ्या रात्री 'धिं ऽधा तिरकिट' कानात बसलं, आठव्या मात्रेवरची खाली ओळखू यायला लागली आणि काटा बघितला, तर एका आवर्तनाला जवळपास पाऊण मिनिट! एवढ्या वेळात माझी लिफ्ट अकराव्या मजल्यावर जाऊन परत येते. आणि या सगळ्या वेळात तबलजी नुसता ठेका धरून असतो, मध्ये भरणा नाही, चमकणं नाही. गाणाराही मंद्र-मध्यात रेंगाळतो, षड्ज टाळत कोमल रिषभ आणि धैवताभोवती फिरत राहतो. मला आवडत होतं ते हे होतं. आवाज नव्हे, रागही नव्हे.

हे कळल्यावर तुमच्या पाठकोऱ्या कागदाचा अर्थ लागला. तुम्ही त्यावर पहिलं नाव लिहिलं होतं, अब्दुल वाहिद खां, आणि पुढे कंसात 'बहरे'. ऐकायला कमी येई म्हणून हे नाव पडलं म्हणालात. अमीर खांसाहेबांनी ही संथ बढत ज्यांच्या गाण्यातून उचलली ते हे. मी फोनवर नाव टाकलं आणि पहिलाच फटका बसला. वाहिद खां सापडले, पण ते सुरबहार वाजवत होते! ते इमदाद खांचे चिरंजीव, विलायत खांचे काका. वेगळाच माणूस, वेगळंच घराणं. अ‍ॅपने दोघांना एकाच नावाखाली कोंबलं होतं. तेव्हापासून नावावर विश्वास न ठेवता आधी गळा आहे की तार, एवढं ऐकून घेते.

खरे सापडले तेव्हा खरखरीतून पलीकडचं ऐकू यायला वेळ लागला. ते १९४९ साली गेले आणि मागे राहिलेलं ध्वनिमुद्रण अगदी थोडं आहे. पण मुलतानी सुरू झाला आणि मी लिफ्ट विसरले. तीच सावकाशी, फक्त अजून मातकट.

घराण्याबद्दल तुम्ही सांगितलं ते मी आता मित्रांना ऐकवते (श्रेय न देता, माफ करा). मी किराणा म्हटलं की भीमसेनजी, एवढंच समजत होते. पुण्यात दुसरं काय समजणार? तुम्ही म्हणालात, एका किराण्यात दोन धारा आहेत. अब्दुल करीम खां, सवाई गंधर्व, मग भीमसेनजी, ही एक. वाहिद खांची दुसरी. घराण्याच्या पाटीवर जाऊन शोधलं तर पहिलीच पुन्हापुन्हा पुढे येते. अमीर खांना लोक इंदूर घराण्याचे म्हणतात, आणि त्या पाटीखाली शोधलं तर हाताला फारसं काही लागतच नाही. म्हणून पाटी सोडायची आणि कोण कुणाकडे शिकलं ते धरायचं. सोबतकारांचं मी विचारलं तर तुम्ही हसलात. "सिनेमाच्या गाण्यात अरेंजर धर, हमखास माग लागेल. ख्यालात एकच तबलजी दहा जणांना वाजवतो, त्याच्यामागे गेलीस तर बाजारभर फिरशील." मी फिरले. तुमचं बरोबर होतं.

कागदावरचं दुसरं नाव निखिल बॅनर्जींचं. सतार बघून मी चिडले होते, मला गाणं हवं होतं. तरी आलाप लावला. ते मैहर घराण्याचे, अल्लाउद्दीन खांचे शागीर्द, पण अमीर खांच्या गाण्याचा आपल्यावर परिणाम झाल्याचं ते स्वतः सांगत. एका स्वरावर येऊन, त्याच्या आजूबाजूला चाचपून, मगच पुढे जाणं. झुमरा नाही, शब्द नाहीत, आणि तरी मारव्याच्या सगळ्यात जवळचं मला हेच वाटलं.

इथे आपलं जमत नाही, काका. तुमच्या मते जवळच्या प्रभाताई अत्रे. मी तुमचं ऐकून मारुबिहाग ऐकला, कलावती ऐकला. पटण्यासारखं आहे, हे कबूल. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर दोघंही वाहिद खांकडे शिकले आणि प्रभाताई त्या दोघांकडे, म्हणजे एका बाजूने धागा थेट येतो. दुसऱ्या बाजूने अमीर खांचा प्रभाव ताई स्वतः मानत, आणि सरगम ऐकताना तो दिसतोही. मी कुठे कुठे हिंडून शेवटी पुण्यातच आले, याची गंमत वाटली. पण त्यांच्या गाण्यात उजेड फार आहे. माझी घाईची मोजपट्टी तिथे पुरत नाही, असं म्हणा हवं तर.

हिराबाईंच्या जुन्या तबकड्यांबद्दल तुम्ही बजावलं होतंत, ते बरं केलंत. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, म्हणजे झुमऱ्याची पाच आवर्तनंसुद्धा मावायची नाहीत. तिथे संथपणा नाही म्हणून बाईंच्या गाण्यात तो नव्हता, असं म्हणता येत नाही. मी तसं म्हणून बसले असते. मारव्याला लाँग प्लेची अख्खी बाजू मिळाली म्हणून तो मला आज असा ऐकू येतो.

तिसरं नाव, पंडित अमरनाथ, अजून पुरतं ऐकून झालेलं नाही. चौथ्या नावावर तुमच्याच चहाचा डाग पडला आहे. सुरुवातीला 'सिं' दिसतंय आणि शेवटी बहुतेक 'बंधू'. सिंग बंधूच ना? का दुसरं कुणी? येत्या रविवारी कागद घेऊन येते. मारव्याचं कव्हरही आणते, त्याची शिवण उसवली आहे, तुमच्याकडे डिंक असतो ते पाहिलंय.

तुमची,
कुलपांच्या ढिगावर पर्स विसरून गेलेली ती