‘इंधन हवेत सोडले’ म्हणण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न.

उड्डाणानंतर एखादे विमान परत फिरले की बातमीत ‘वैमानिकाने इंधन हवेत सोडले’ असे सर्रास येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्रिचीहून शारजाला निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान हायड्रॉलिकच्या बिघाडामुळे दोन तासांहून अधिक काळ घिरट्या घालत होते, तेव्हाही ही चर्चा झाली. ते बोइंग ७३७ होते आणि त्या विमानात इंधन सोडण्याची सोयच नसते. म्हणूनच ते फिरून फिरून इंधन जाळत होते.

विमानाला दोन वजनमर्यादा असतात, एक उड्डाणाची आणि एक उतरण्याची. भरलेले पोते उचलणे वेगळे आणि वरून येणारे पोते झेलणे वेगळे. उडताना भार हळूहळू चाकांवरून पंखांवर जातो, उतरताना मात्र तो क्षणात चाकांवर आणि सांगाड्यावर येतो. त्यामुळे उतरण्याची मर्यादा कमी ठेवतात. आपल्या उजळाईवाडीला येणाऱ्या एटीआर ७२-६०० मध्ये हा फरक जेमतेम साडेसहाशे किलोंचा आहे (२३,००० आणि २२,३५०). अशा विमानाला परतायचे झाले तर इंधन टाकून देण्याचा प्रश्नच येत नाही.

खरी अडचण लांब पल्ल्याच्या विमानांची. बोइंग ७७७-३००ईआर सुमारे ३५१ टनांनी उडू शकते, पण उतरण्याची मर्यादा २५१ टन. मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले असे विमान ३४० टनांचे असताना परत फिरले, तर ८९ टन कमी करावे लागतील. तासाला सात-आठ टन जाळत बसले तर त्यात अकरा-बारा तास जातील. पंखांच्या मागच्या कडेजवळील नळ्यांतून मिनिटाला दोन-अडीच टन सोडले, तर पाऊण तासाच्या आत काम होते. नियमही यावरच बेतला आहे. उतरता उतरता बेत रद्द करून, प्रसंगी एका इंजिनावर, पुन्हा वर चढणे ज्या विमानाला पूर्ण वजनानिशी जमणार नाही, त्याला ही सोय द्यावीच लागते.

मर्यादेपेक्षा जड विमान उतरवले म्हणजे ते मोडेलच, असे मात्र नाही. उतरण्याच्या कमाल वजनाला सेकंदाला १० फूट वेगाने खाली आले तरी सांगाड्याने टिकावे आणि उड्डाणाच्या कमाल वजनाला ६ फूट वेगाने, असा निकष आहे. आग लागली असेल तर कोणी इंधन सोडत बसत नाही. विमान तसेच उतरवतात आणि नंतर अभियंते ते तपासतात.

इंधन सोडतात तेही शक्यतो उंचावर आणि वस्तीपासून दूर, म्हणजे जमिनीवर येण्याआधी त्याची वाफ होते. जानेवारी २०२० मध्ये लॉस एंजेलिसला परतणाऱ्या डेल्टाच्या ७७७ ने ते कमी उंचीवरून सोडले आणि शाळेच्या मैदानावरील मुलांवर त्याचा शिडकावा झाला. इंधन सोडायचे आहे हे वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला कळवलेच नव्हते.

तेव्हा बातमी छापताना विमान कोणत्या जातीचे होते, एवढे तरी द्यावे.

– एक वाचक, कोल्हापूर