ऑफिसर कॅन्टीनची भिंत

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

कारखाना हाती घेऊन सावरायचा म्हणून तू पाठवलेला नव्वद दिवसांचा आराखडा दोनदा वाचला. कर्ज, पडून असलेला माल, तोट्यातली उत्पादनं, जादा माणसं, सगळं त्यात आहे. आकड्यांतलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यावर मी बोलत नाही. पण पहिल्याच सोमवारी सगळ्या विभागप्रमुखांना बोलावून तू तो वाचून दाखवणार आहेस, तिथे मी अडखळलो. तुझ्या आराखड्यात कारखाना आहे, कारखान्यातली माणसं एकमेकांशी कशी वागतात ते कुठेच नाही. तेवढ्यासाठी हे पत्र. फोनवर तू मला मध्येच तोडतेस.

मी पर्सोनेल ऑफिसर होतो तेव्हाची एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण तीत मीच फजीत झालो होतो. कंपनी तोट्यात होती, नवे एमडी आले. त्यांनी मला कंपनीच्या संस्कृतीवर रिपोर्ट मागितला. मी हौसेने एक प्रश्नावली छापून घेतली: 'तुम्हाला वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलता येतं का?' अशा थाटाची. जवळजवळ सगळ्यांनी 'होय'वर खूण केली. भरलेले फॉर्म फोरमनने गोळा केले होते, हे मला तेव्हा खटकलंसुद्धा नाही. मग 'दरी मिटवायची' म्हणून आम्ही ऑफिसर कॅन्टीन आणि वर्कर कॅन्टीन यांच्यामधली भिंत पाडली. नारळ फोडला, पेढे वाटले. दोन महिन्यांत ऑफिसर आपापल्या केबिनमध्ये डबे खाऊ लागले आणि कामगार फरशीवर उरलेल्या भिंतीच्या खुणेच्या अलीकडेच बसत राहिले. भिंत आम्हाला दिसली म्हणून पाडली. ती कशाच्या जोरावर उभी होती ते बघितलं नव्हतं.

ते कळायला मला आणखी वर्ष लागलं, तेही योगायोगाने. त्या कारखान्यात नवा पोरगा लागला की आठवड्याच्या आत त्याला एक गोष्ट ऐकवली जायची. कुण्या एका ऑपरेटरने कास्टिंग खराब आहे म्हणून लाइन थांबवली, महिनाअखेरचा डिस्पॅच चुकला आणि त्याला यार्डात भंगार मोजायला पाठवलं. ही गोष्ट मी मशीन शॉपमध्ये ऐकली, पेंट शॉपमध्ये ऐकली, गेटवरच्या वॉचमनकडूनही ऐकली. एकदा सहज त्या माणसाची फाइल काढली. पाठीच्या दुखण्यामुळे त्याने स्वतःच अर्ज करून बदली मागून घेतली होती! पण गोष्ट खरी की खोटी याने काही फरक पडत नव्हता. तिच्यामुळे लाइन कुणी थांबवत नव्हतं आणि खराब माल ग्राहकाच्या दारातून परत येत होता. आम्ही मात्र रिजेक्शन कमी करायला आणखी इन्स्पेक्टर भरत होतो.

गेरी जॉन्सन नावाच्या ब्रिटिश प्राध्यापकांनी यासाठी एक साधं चित्र दिलं आहे, 'कल्चरल वेब'. एकमेकांत गुंतलेली सहा वर्तुळं: कथा, प्रतीकं, रोजचे रिवाज, सत्ता, कंपनीची रचना आणि नियंत्रणाच्या पद्धती. मधोमध सातवं, म्हणजे सगळे जे धरून चालतात पण बोलून दाखवत नाहीत ते गृहीतक. एमबीएला तू हे चित्र काढलंही असशील. पण वर्गात ते बसल्या जागी भरतात. कारखान्यात ते पायांनी भरावं लागतं, आणि मधलं वर्तुळ सगळ्यात शेवटी. रचना आणि नियंत्रण कागदावर मिळतं, ते नंतर बघ. आधी उरलेली चार.

कथांसाठी 'इथली संस्कृती कशी आहे?' असं कुणाला विचारू नकोस, भाषण ऐकावं लागेल. 'नवीन माणसाला तुम्ही पहिली कुठली गोष्ट सांगता?' असं विचार. प्रत्येक गोष्टीसमोर तीनच नोंदी कर: नायक कोण, शिक्षा कुणाला झाली आणि ती किती जुनी. वीस गोष्टी जमल्या की त्या पसरून बघ. पराक्रमाच्या सगळ्या गोष्टी जुन्या मालकांच्या काळातल्या आणि अलीकडच्या सगळ्या कुणाचा तरी काटा काढल्याच्या असल्या, तर तुझा आराखडा लोक कुठल्या कानाने ऐकतील याचा अंदाज येईल. एकच गोष्ट तीन खात्यांत तीन तऱ्हेने सांगितली जात असेल, तर ती नीट उतरवून घे. भांडण नेमकं तिथेच असतं.

रिवाजांसाठी माणसांच्या मागे न लागता एका कागदाच्या मागे लाग. एका बेअरिंगचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, घे. तो कुणाच्या टेबलावर किती दिवस पडला, किती सह्या झाल्या आणि त्यातल्या किती जणांनी तो खरोखर वाचला, ते बघ. मग महिन्याचे शेवटचे चार दिवस डिस्पॅचवर उभी राहा. पहिले तीन आठवडे सुस्त आणि शेवटी रात्रपाळीची धावपळ, हे तुझ्याकडेही असणारच. त्या चार दिवसांत डेव्हिएशनच्या स्लिपवर, म्हणजे मापात न बसणारा माल चालवून घ्यायच्या चिठ्ठीवर, सही कोण करतं ते पाहा. क्वालिटीवाल्याने अडवलेला माल ज्याच्या एका फोनवर सुटतो, सत्ता त्याच्याकडे आहे, मग ऑर्गनायझेशन चार्टवर तो कुठेही असो. आमच्याकडे तर ती टाइम ऑफिसच्या हेडक्लार्ककडे होती. ओव्हरटाइम कुणाला लावायचा हे तो ठरवायचा, त्यामुळे निम्म्या शॉपचे घराचे हप्ते त्याच्या मर्जीवर चालायचे. प्लँट मॅनेजरसुद्धा त्याला 'अण्णा' म्हणायचे. सत्ता शोधायचा सोपा प्रश्न: कोण रजेवर गेलं की कामं अडतात? आणि प्रॉडक्शन विरुद्ध क्वालिटी अशी शेवटची तीन भांडणं झाली, त्यांत कुणाचं चाललं?

प्रतीकांवर फार वेळ घालवू नकोस, ती पहिल्याच दिवशी दिसतात. सावलीतलं पार्किंग कुणाचं, स्टेशनरीच्या कपाटाची किल्ली कुणाकडे, कुठल्या संडासाला कुलूप. नोंद कर आणि पुढे चल. पाडापाडी लगेच नको.

आता एक मोठं उदाहरण, नाहीतर म्हणशील बाबांचं सगळं भोसरीतच फिरतं. अमेरिकेची कॉन्टिनेंटल एअरलाइन्स 1983 आणि 1990 अशी दोनदा दिवाळखोरीत गेली होती. गॉर्डन बेथ्यून 1994 मध्ये आले तेव्हा दहा वर्षांत दहा प्रमुख होऊन गेले होते आणि वेळ पाळण्यात कंपनी मोठ्या विमान कंपन्यांत तळाला होती. कर्मचारी बाहेर जाताना शर्टावरचं कंपनीचं चिन्ह उसवून टाकत, कुणी ओळखू नये म्हणून. विसाव्या मजल्यावरच्या वरिष्ठांच्या ऑफिसांना कुलूप आणि पहारा होता. बोर्डिंग पासवर कुठल्या रंगाच्या पेन्सिलीने खूण करायची इथपर्यंत सांगणारं नियमांचं जाडजूड पुस्तक होतं. वैमानिकांना इंधन वाचवण्याबद्दल बक्षीस होतं, मग काही जण विमान हळू चालवत. इंधन वाचे, प्रवाशांची पुढची विमानं चुकत आणि त्यांना दुसऱ्या कंपनीच्या विमानाने पाठवायचा खर्च बसे. बघ, कथा, प्रतीक, रिवाज आणि नियंत्रण सगळं एकाच जागी बोट दाखवतं: 'इथे पैसे वाचव, हुकूम पाळ, प्रवाशाचं काय ते दुसरा बघेल.'

बेथ्यून यांनी दारं उघडली आणि ते पुस्तक पार्किंगमध्ये जाळलं. लोकांना तेवढंच आठवतं. माझ्या मते खरं काम केलं ते 65 डॉलरच्या चेकने. 1995 च्या सुरुवातीला त्यांनी जाहीर केलं, की सरकारी यादीत वेळ पाळणाऱ्या पहिल्या पाच कंपन्यांत आलो, तर त्या महिन्याला प्रत्येक कर्मचाऱ्याला 65 डॉलर, तेही पगारात न मिसळता वेगळ्या चेकने. उशिरांपायी कंपनीचे महिन्याला सुमारे 50 लाख डॉलर जात होते, हे बक्षीस त्याच्या निम्म्यात बसत होतं. काही महिन्यांतच कंपनी यादीत पहिली आली. सामान चढवणारा आणि गेटवरचा क्लार्क एकमेकांवर ढकलत बसले तर दोघांचाही चेक जाणार, त्यामुळे ढकलाढकलीच महाग झाली. 1994 चा तोटा 60 कोटी डॉलरच्या वर होता, 1995 मध्ये 22 कोटींच्या वर नफा झाला.

मात्र ही हकिगत बहुतांशी जिंकलेल्यांनीच सांगितलेली आहे, हे लक्षात ठेव. त्याच काळात तोट्यातले मार्ग बंद झाले, कर्जं नव्याने ठरवली गेली, बहुतेक वरिष्ठ अधिकारी बदलले, माणसंही कमी झाली. नुसत्या चेकने कंपनी उठली असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नकोस. आणि बँक दारात उभी असेल तर आधी रोकड सांभाळ. गोष्टी गोळा करायला थांबलीस तर ऐकायला कारखानाच उरणार नाही. पण दोन्ही कामं बरोबर चालू शकतात, त्याला तीन आठवडे पुरतात.

यात एक अडचण मला कधीच पूर्ण सुटली नाही. विचारणारी तू, आणि माणसं काढायचा अधिकारही तुझाच. तुझ्यासमोर लोक तुला आवडेल तीच गोष्ट सांगतील. म्हणून निवृत्त झालेल्यांना भेट, गेल्या वर्षी सोडून गेलेल्यांना फोन कर, ट्रान्सपोर्टवाला आणि कॅन्टीनचा कंत्राटदार यांच्याबरोबर चहा घे. ऐकलेलं कुणाच्या नावाने कधी वापरू नकोस. एकदा जरी वापरलंस, तर पुढची गोष्ट तुझ्यावरच रचली जाईल.

हे सगळं झाल्यावर मधलं वर्तुळ एका वाक्यात लिही, तिथल्या माणसांच्या तोंडी शोभेल अशा शब्दांत. आमचं होतं: 'चूक करणारा वाचतो, दाखवणारा मरतो.' हे वाक्य मला वर्षभर आधी सापडलं असतं, तर भिंतीच्या आधी मी डेव्हिएशनच्या सहीला हात घातला असता. पुढच्या वेळी लाइन थांबवणाऱ्याचं नाव एमडींनी गेटवरच्या फळ्यावर लिहावं, असाही हट्ट धरला असता. तुझं वाक्य झालं की ते आराखड्याशेजारी ठेव आणि प्रत्येक कलमाला विचार, की हे वाक्य खरं असताना हे कलम चालेल का? दोन-तीन कलमं तरी गळतील.

आणि त्या वाक्यात काही चांगलंही असेल तर तेही लिही. आमच्या टूलरूमची माणसं कुणी न सांगता रविवारी येऊन डाय दुरुस्त करून जायची. त्यांच्याकडे आमचं लक्षच गेलं नाही. ओव्हरटाइम बंद केला तेव्हा त्यांचाही बंद केला, आणि मग ती यायची थांबली.

आई म्हणते, थंडी आहे, शाल घेऊन जा. सोमवारची मीटिंग पुढे ढकललीस की कळव. पहिल्या पाच-सहा गोष्टी मला लिहून पाठव, नावं गाळून. वाचायची फार उत्सुकता आहे.

तुझा,
बाबा