सातव्या पावलापर्यंत

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी जे सांगितले त्यावर बाबा काहीच बोलले नाहीत, आणि आई, तू एकदम धानाच्या मळणीचा विषय काढलास. ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती, हे मला तेव्हाच समजले. म्हणून हे पत्र. निर्णय झालेला आहे. तो निखिलने आणि मी मिळून घेतला आहे आणि गुरुजींनाही कळवला आहे. लग्न मार्गशीर्षात, आपल्याच अंगणात, उन्हे उतरल्यावर होईल. अंतरपाट, मंगलाष्टके, पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी सगळे होईल; फक्त कन्यादान होणार नाही.

बाबा, ताईच्या वेळी जे पुण्य पदरात पडले ते धाकटीच्या वेळी का नको, असे तुम्हाला वाटले असणार. मी तुमचा मान काढून घेते आहे असे कृपा करून समजू नका. एक कारण तर तुमची साखर आहे, ते मी आधीच कबूल करते. कन्यादान करणाऱ्याने मुहूर्तापर्यंत उपाशी राहायचे, मुहूर्त लांबला तरी पाटावरून उठायचे नाही, आणि वैशाखातल्या त्या दुपारी मांडवात काय झाले ते आपल्या तिघांना पुन्हा सांगायला नको. तुमचा घामाने भिजलेला सदरा आणि काकूने तोंडात घातलेला गुळाचा खडा मला अजून दिसतो. पण केवळ तेवढेच कारण असते तर मी तुम्हाला खुर्ची आणि वाटीभर खिचडी देऊन विषय संपवला असता.

खरे कारण मला गुरुजींच्या पोथीत सापडले. गेले तीन महिने मी दर शनिवारी त्यांच्याकडे बसून लग्नातले मंत्र अर्थासह समजून घेते आहे. कन्यादान स्वीकारताना वराने जो मंत्र म्हणायचा असतो तो असा आहे: ‘कोऽदात् कस्मा अदात् कामोऽदात् कामायादात् । कामो दाता कामः प्रतिग्रहीता कामैतत्ते ।’ कोणी दिले, कोणाला दिले? कामाने दिले, कामाला दिले. देणारा काम, घेणाराही काम. कामा, हे तुझेच आहे. इथे काम म्हणजे इच्छा, ओढ. हा मंत्र यजुर्वेदातला आहे आणि मुळात तो लग्नाचा नाहीच. यज्ञात दक्षिणा स्वीकारताना तो म्हणत असत, नंतर तो कन्यादानाला जोडला गेला. गंमत अशी की ज्या क्षणी बाप मुलगी देतो असे आपण समजतो, त्याच क्षणी घेणारा म्हणतो की देणारा बाप नाही आणि घेणारा मीही नाही, ओढीने ओढीला दिले. मग बाबा, जे तुमच्या हातून दिलेच जात नाही ते देण्यासाठी तुम्हाला दिवसभर उपाशी का ठेवायचे?

लग्न अपुरे राहील अशी धास्ती मात्र मनात ठेवू नका. ‘तेषां निष्ठा तु विज्ञेया विद्वद्भिः सप्तमे पदे’ असे मनुस्मृतीच सांगते; विवाहाची पूर्तता सातव्या पावलावर होते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही हेच आहे. जिथे सप्तपदी हा विधीचा भाग असतो, तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. तेव्हा काकांना कोणी विचारले, तर त्यांनी हे बेलाशक सांगावे.

आता त्या सात पावलांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आई, तू गुरुजींसमोर हात जोडून बसतेस आणि नंतर म्हणतेस, ‘मले त्यातलं काई समजत नाई.’ यात समजायला अवघड काहीच नाही. सप्तपदी म्हणजे अग्नीभोवतीचे फेरे नव्हेत, हे आधी लक्षात घे. मालिका पाहून हल्ली सगळ्यांचा तोच समज झाला आहे. फेरे लाजाहोमाच्या वेळी होतात. सप्तपदीत तांदळाच्या सात लहान राशी उत्तरेकडे ओळीने मांडतात आणि वर वधूला एकेका राशीवर पाऊल टाकायला लावत पुढे नेतो. पत्रिकेच्या मागे छापतात तशी लांबलचक वचनेही त्यात नाहीत. एका पावलाला जेमतेम दोन शब्द. आपले गुरुजी यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे आहेत, त्यांच्या पारस्कर गृह्यसूत्रात, म्हणजे घरच्या विधींच्या ग्रंथात, हे शब्द आहेत: ‘एकमिषे, द्वे ऊर्जे, त्रीणि रायस्पोषाय, चत्वारि मायोभवाय, पञ्च पशुभ्यः, षड् ऋतुभ्यः.’ पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे अंगातल्या बळासाठी, तिसरे घरातले धन पोसले जावे म्हणून, चौथे सुखासाठी, पाचवे गुराढोरांसाठी, सहावे ऋतूंसाठी. प्रत्येक पावलाला ‘विष्णुस्त्वा नयतु’, विष्णू तुला पुढे नेवो, एवढी जोड असते.

पाचव्या पावलापाशी मी पोथी बाजूला ठेवली आणि बराच वेळ गप्प बसले. ऋग्वेदी घरांत वापरतात त्या आश्वलायन सूत्रात पाचवे पाऊल ‘प्रजाभ्यः’, म्हणजे संततीसाठी आहे. आपल्याकडे ते गुरांसाठी आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा, तुम्ही लोणी-हळदीने बैलांचे खांदे मळत आणि त्यांच्या कानाशी वाकून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणत. मी कंदील धरून उभी राहत असे, आणि ढवळ्याचे नाक माझ्या फ्रॉकला लागले की किंचाळत असे. लग्नाच्या मंत्रात ढवळ्यासाठी एक अख्खे पाऊल राखून ठेवलेले आहे, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर मी किंचाळले नसते.

ही सहा पावले नीट पाहिली तर त्यांत कुठे गोड बोलणे नाही. सगळा संसाराचा हिशेब आहे, पाऊस पडेल न पडेल त्या ऋतूंसकट. प्रेमाचा शब्द येतो तो सातव्या पावलाला: ‘सखे सप्तपदा भव.’ मराठी कानाला वाटते, नवरा बायकोला ‘अगं सखे’ म्हणतो आहे. पण संस्कृतात सखीला हाक मारताना ‘सखि’ म्हणतात. ‘सखे’ ही हाक सख्याला, म्हणजे बरोबरीच्या मित्राला मारतात. आश्वलायन सूत्रात तर सरळ ‘सखा’ असाच शब्द आहे. वधूला इथे मित्र म्हटले आहे. सात पावले बरोबर चालल्याने मैत्री होते ही समजूत इतकी जुनी आहे की पाणिनीने ‘साप्तपदीनं सख्यम्’ असे एक सूत्रच लिहून ठेवले.

आणि आई, ही समजूत तुझ्या वडाच्या पूजेतही आहे. महाभारतात यम सत्यवानाचे प्राण घेऊन दक्षिणेकडे निघतो, सावित्री मागोमाग चालू लागते, यम तिला परत जा म्हणतो. तेव्हा ती रडत नाही की पाया पडत नाही. ती म्हणते, शहाणे लोक सांगतात की सात पावले बरोबर चालले की मैत्री होते. त्या मैत्रीला स्मरून काही बोलते, ते ऐका. नवरा परत मिळवताना तिने पहिल्याने हाच आधार घेतला. तू इतकी वर्षे वडाला सूत गुंडाळते आहेस, आणि पुराण सांगणाऱ्या कोणीही तुला हे सांगितले नाही, याचा मला थोडा रागच आला.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. सातव्या पावलाच्या पुढे ‘सा मामनुव्रता भव’ असे येते: तू माझ्या व्रताला अनुसरणारी हो. हे फक्त वर म्हणतो. वधूने उलट काही म्हणण्याची सोय पोथीत नाही. मंत्रांत सगळी समानताच भरली आहे असे मी म्हणाले तर ते खोटे ठरेल. म्हणून आम्ही असे ठरवले आहे की निखिलने ते म्हटल्यावर मी ‘स मामनुव्रतो भव’ म्हणायचे: तूही माझ्या व्रताला अनुसरणारा हो. गुरुजी आधी म्हणाले, हे पोथीत नाही. मग सुपारी कातरता कातरता थांबून म्हणाले, व्याकरणात मात्र चूक नाही. मी तो होकार समजले.

बाबा, आता तुमचे काम. जुन्या विधीत एक वाक्य असे आहे, जे मुलीच्या बापाशिवाय दुसऱ्या कोणाच्या तोंडी शोभत नाही, आणि ते आम्ही मुद्दाम ठेवले आहे. पाणिग्रहणाआधी तुम्ही निखिलकडे पाहून म्हणायचे: ‘धर्मे चार्थे च कामे च नातिचरितव्या त्वयेयम्.’ धर्मात, पैशाच्या व्यवहारात आणि सुखोपभोगात तू हिला ओलांडून जायचे नाही. त्यावर त्याने ‘नातिचरामि’, ओलांडणार नाही, असे उत्तर द्यायचे. ताईच्या लग्नात हे गुरुजींनीच भरभर म्हणून टाकले होते आणि भाऊजींनी नुसती मान हलवली होती. या वेळी तुम्ही विचाराल, आणि तो स्पष्ट उत्तर देईपर्यंत पुढचा विधी सुरू होणार नाही. दान देणारा हात जोडतो, बाबा. मला तुम्ही हात जोडलेले नको आहेत. विचारणारे म्हणून तुम्ही तिथे हवे आहात.

आता माझे ऐका आणि वाद घालू नका. सकाळी दोघांनीही पोटभर नाश्ता करायचा, दुपारी वेळेवर वरण-भात-पोळी जेवायची, आणि औषधाची डबी बाबांच्या खिशात राहील, आईच्या पिशवीत नाही. बाबा खुर्चीवर बसतील, गुडघे मुडपून पाटावर नाही. गुरुजींना विचारले आहे, चालते. बाहेर गारठा असेल, म्हणून मागच्या दिवाळीत आणलेला स्वेटर धोतरावर शोभत नाही ही सबब चालणार नाही. आई, तू ओटीचे सामान भरताना रात्रभर जागू नकोस. ताई आणि मी आधी चार दिवस येऊन ते उरकतो. सात राशींसाठी यंदाच्या बांधीतल्या चिन्नोरचे पसाभर तांदूळ तेवढे बाजूला काढून ठेव, दुकानातले नकोत. आणि अंगण तूच सारव, तुझ्यासारखे कोणाला जमत नाही. पण बसून, कमरेत वाकून नाही.

बाबांसाठी ते वाक्य मोठ्या अक्षरात वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवले आहे. ‘नातिचरितव्या’ एका दमात म्हणायला जड जाते, म्हणून मध्ये ‘नाति’नंतर एक बारीक रेघ मारली आहे, तिथे क्षणभर थांबले तरी चालेल. रोज संध्याकाळी दिवाबत्तीनंतर दोनदा म्हणून पाहा, आणि आई, तू समोर बसून ‘नातिचरामि’ म्हण.

तुमची,
धाकटी