दुकानाच्या नावावरचे बनावट खाते: तक्रार निवारण अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी आणि मदत विभाग

स. न. वि. वि.

पैठणमधल्या एका छोट्या पैठणी विक्रेत्याच्या नावाने तुमच्या मंचावर भलताच कोणीतरी खाते चालवतो आहे. ते काढण्यासाठी केलेल्या तक्रारीला ‘नियमभंग आढळला नाही’ एवढेच उत्तर मिळाले. खरी नावे आणि दुवे अर्जात दिलेले आहेत, इथे नमुन्याची नावे घेतो. खरे खाते `dukan_paithani`, बनावट खाते `dukan__paithani`. दुसऱ्यात मधली अधोरेषा दोनदा आहे. मोबाइलच्या पडद्यावर त्या दोन रेघा जोडून एकच दिसतात, आणि लग्नाचा बस्ता ठरवायच्या घाईत रेघा मोजतो कोण? साड्यांचे फोटो, दुकानाचा पत्ता, बोधचिन्ह, सगळे जसेच्या तसे उचललेले. बदलला आहे तो फक्त पैसे घ्यायचा क्यूआर कोड. तो स्कॅन केला की बँकेतले जे नाव दिसते, ते दुकानाचेही नाही आणि मालकाचेही नाही.

तक्रार फेटाळली जाते ती कशामुळे, हे तुमचाच अर्ज भरून पाहिला की कळते. ‘माझी तोतयागिरी होत आहे’ हा पर्याय निवडला की सरकारी ओळखपत्र मागितले जाते. आधारवर मालकाचे नाव असते, खात्यावर दुकानाचे. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून तक्रार बंद. ‘व्यवसायाची तोतयागिरी’कडे वळावे, तर ट्रेडमार्कचा नोंदणी क्रमांक हवा. चार मागांवरचा माल विकणाऱ्याकडे तो कुठून असणार? जीएसटीचे प्रमाणपत्रही प्रत्येकाकडे असतेच असे नाही, कारण महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या वर गेल्यावरच ती नोंदणी बंधनकारक होते.

मालक आणि दुकान या दोघांची नावे एकाच कागदावर असलेले पुरावे मात्र आहेत. दुकाने अधिनियमाखाली मिळालेली सूचनापत्राची पावतीच घ्या, जिला बाजारात आजही गुमास्ता म्हणतात. जीएसटी असलेल्यांच्या प्रमाणपत्रावर तर कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव असे दोन वेगळे रकानेच असतात. यांतला एक कागद आणि मालकाचे ओळखपत्र एकत्र पाहिले की खातरजमा होते. आम्ही दोन्ही जोडले आहेत. सोबत काही साड्यांच्या फोटोंच्या मूळ फाइली आहेत. तुमच्या मंचावरून उतरवून घेतलेल्या प्रतीत कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ सहसा उरत नाही, मूळ फाइलीत ती असते. फोटो आधी कोणी टाकला हे तर तुमच्याच नोंदीत आहे.

आणखी एक अडचण. बनावट खात्याने खऱ्या दुकानदाराला ब्लॉक केले आहे. त्याने दुवा उघडला की ‘हे पान उपलब्ध नाही’ असे दिसते, आणि खाते बंदच झाले असा गैरसमज होतो. म्हणून पडद्याची चित्रे दुसऱ्याच्या फोनवरून घेतली आहेत, दुव्यासह आणि तारखेसह. हा माणूस तक्रार झाली की वापरकर्तानाव बदलेल, मग आम्ही दिलेला दुवा मरेल. नाव बदलले तरी खात्याचा अंतर्गत क्रमांक तोच राहतो. कारवाई त्या क्रमांकावर करा, नावावर नको. शंभर जणांनी ‘स्पॅम’ म्हणून कळवण्यापेक्षा तोतयागिरीची एक पुराव्यासह तक्रार तुमच्या कामाची, हे आम्हाला कळते. म्हणूनच ग्राहकांना रिपोर्टचा भडिमार करायला सांगितलेले नाही.

2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत, नियम 3(2)(ब) मध्ये, इलेक्ट्रॉनिक तोतयागिरीच्या तक्रारीवर 24 तासांत पावले उचलण्याची अट पहिल्यापासून होती. ही तक्रार तोतया ज्याचे सोंग घेतो त्या मालकानेच केली आहे, आणि तुमच्या ‘सर्वसाधारण’ रांगेत ती पडून राहिली आहे. तिथून ती काढून या नियमाखाली घ्यावी.

खाते काढताना त्याच्या नोंदी मात्र पुसू नका. काढलेला मजकूर आणि नोंदणीची माहिती 180 दिवस जपण्याची जबाबदारी त्याच नियमांनी तुमच्यावर टाकली आहे. नोंदणीचा मोबाइल क्रमांक, लॉगिनचे आयपी पत्ते, जुनी वापरकर्तानावे आणि ग्राहकांशी झालेले संदेश पोलिसांना लागतील. पैसे गेलेल्या ग्राहकांना आम्ही 1930 वर आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायला सांगत आहोत. पैसे खात्यांतून काढून घेतले जाण्याआधी फोन गेला तर ते गोठवता येऊ शकतात. तुमच्या मंचावरचे हे बनावट खाते चालू असेपर्यंत नवे ग्राहक त्यात फसतच राहणार.

मागणी नाकारायची असेल, तर कोणता कागद अपुरा पडला ते तक्रार क्रमांकासह लेखी कळवावे. तुमचे उत्तर हाती आल्यापासून 30 दिवसांत तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर जाता येते, आणि तिथे तेच उत्तर जोडावे लागते.

कळावे,
पैठणमधील काही पैठणी विक्रेते