यंत्रांच्या देखभाल करारांना अर्थसंकल्पात एकच ओळ द्या, आणि ती वाचता येईल अशी लिहा : वित्तमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वित्तमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

सर्व विभागांच्या यंत्रसामग्रीचे वार्षिक देखभाल करार अर्थसंकल्पात एकाच ओळीखाली आणावेत, अशी आमची मागणी आहे. आज हा खर्च कुठे कार्यालयीन खर्चात बसतो, कुठे किरकोळ दुरुस्तीत, कुठे संगणकीकरणात, आणि कुठेच नाही बसला तर 'इतर'मध्ये. त्यामुळे देखभालीवर वर्षाला एकूण किती खर्च होतो, हा साधा प्रश्न विचारला तरी प्रत्येक विभागाला पत्र पाठवावे लागते, आणि आलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

मात्र चार आकडे एका खाली एक मांडून बेरीज केली, एवढ्याने काम होत नाही. उलट, खुलासा नसलेली एक मोठी रक्कम चार छोट्या रकमांपेक्षा जास्त लपवते. हे नेमके कसे होते ते दाखवण्यासाठी लिफ्ट, जनरेटर, वातानुकूलन सगळे बाजूला ठेवून फक्त यूपीएस घेऊ.

समजा, एका इमारतीत चार विभाग आहेत आणि त्यांच्या करारांत अनुक्रमे 4, 3, 2 आणि 2 यूपीएस आहेत. म्हणजे कागदावर 11 यंत्रे आणि 132 यंत्र-महिन्यांचे पैसे. आता करारांच्या याद्या, डेडस्टॉक रजिस्टर आणि प्रत्यक्ष खोलीतले यंत्र अशी तिन्ही टोके अनुक्रमांकावरून जुळवा. हा अनुक्रमांक यंत्राच्या मागच्या पट्टीवर कारखान्याने छापलेला घ्यायचा, विभागाने रंगाने टाकलेला क्रमांक नाही. तो मजला बदलला की बदलतो.

जुळवणीत साधारण असे निघते. एक यंत्र दोन विभागांच्या करारांत आहे, कारण कार्यालयांची अदलाबदल झाली तेव्हा यंत्र जागेवर राहिले आणि कागद दोघांनीही ठेवले. एक यंत्र निर्लेखित होऊन गेले, पण करार नूतनीकरणाच्या वेळी मागच्या वर्षीची यादीच पुन्हा टंकली गेल्याने त्याचे पैसे चालूच राहिले. एका यंत्राची हमी अजून 7 महिने बाकी आहे, तरी त्याचा करार पूर्ण वर्षाचा झाला. आणि एक यंत्र कोपऱ्यात व्यवस्थित चालू आहे, पण कोणाच्याच करारात नाही. ते बंद पडेल त्या दिवशी तातडीची दुरुस्ती म्हणून वेगळे, आणि बहुधा चढे, देयक येईल.

हिशोब करू. 11 नोंदींतून दुबार आणि निर्लेखित अशा दोन गेल्या की 9 यंत्रे उरतात. त्यातली 8 पूर्ण वर्षाची, म्हणजे 96 महिने. हमीतल्या यंत्राचे शेवटचे 5 महिने धरून 101. सुटलेल्या यंत्राचे 12 महिने घातले की 113. म्हणजे 132 ऐवजी 113 यंत्र-महिने, साधारण 14 टक्के कमी, आणि चालू असलेली दहाही यंत्रे हमीत किंवा करारात. हा फरक अनुक्रमांकांशिवाय कुठल्याही ताळमेळात सापडत नाही, कारण चारही विभागांची देयके आपापल्या जागी बरोबरच असतात. लेखापरीक्षणही विभागवार होते, त्यामुळे दुबार यंत्र तिथेही सहज निसटते.

जुळवणीत आणखी एक गोष्ट दिसेल. त्याच क्षमतेच्या यूपीएसला दोन विभाग दोन वेगळे दर देत असतील. लगेच कोणाला जाब विचारण्याआधी करार उघडून पाहावा. एक करार फक्त तपासणी आणि मजुरीचा असतो, तर दुसऱ्यात सुटे भागही येतात. हे दोन्ही 'एएमसी' याच नावाने एका रकान्यात लिहिले की तुलना निरर्थक होते. म्हणून ओळीच्या खुलाशात कराराचा प्रकार आणि करारातून वगळलेले भाग, हे दोन रकाने आम्ही सक्तीचे मानतो.

वगळलेल्या भागांत यूपीएसच्या बाबतीत जवळजवळ नेहमी असते ती बॅटरी. 'सुट्या भागांसह' म्हणवणाऱ्या कित्येक करारांतही ती बाहेरच असते, आणि खरा खर्च तिथेच आहे. वरच्या दहा यंत्रांना प्रत्येकी 12 व्होल्टच्या 20 बॅटऱ्या धरल्या तर 200 बॅटऱ्या होतात. त्या एका माळेत जोडलेल्या असतात, म्हणून एक मेली की पूर्ण माळ बसते. मेलेली एकच बदलून भागवावे, असा मोह होतो. पण जुन्या एकोणीस आणि नवी एक अशा माळेत चार्जिंग सारखे होत नाही आणि थोड्या दिवसांत दुसरी कुठली तरी जाते. त्यामुळे माळ जुनी झाली असेल तर ती अख्खी बदलावी लागते.

नियोजनासाठी चार वर्षांचे आयुष्य धरले तर सरासरी वर्षाला 50 बॅटऱ्या येतात. प्रत्यक्षात सरासरी कधीच येत नाही. यंत्रे ज्या वर्षी घेतली त्यावर सगळे ठरते. समजा पहिल्या वर्षी 3 यंत्रांच्या 60 बॅटऱ्या बदलायच्या आहेत, दुसऱ्या वर्षी एकही नाही, तिसऱ्या वर्षी 5 यंत्रांच्या 100 आणि चौथ्या वर्षी 2 यंत्रांच्या 40. दुसऱ्या वर्षी या भागाचा खर्च शून्य दिसतो, म्हणून तिसऱ्या वर्षीची तरतूद कापली जाते, आणि नेमक्या त्याच वर्षी शंभर लागतात. अर्थसंकल्प मागच्या वर्षाच्या खर्चावर ठराविक टक्के चढवून बनवण्याची सवय इथे थेट नुकसान करते. ओळीखाली हे चार वर्षांचे वेळापत्रक छापले तर तिसऱ्या वर्षीची उडी कोणाला समजावून सांगावी लागणार नाही.

(उष्ण, कोंदट खोलीत चार वर्षे धरू नयेत. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य 25 अंश सेल्सिअसला मोजलेले असते आणि त्यापुढे दर 10 अंशांना साधारण निम्मे होते. बॅटऱ्यांच्या खोलीतला पंखा बंद पडला तर त्याचा खर्चही शेवटी याच ओळीत येणार.)

म्हणून ही ओळ तीन उपशीर्षांची असावी: कराराची ठरलेली फी, करारात न येणारे भाग आणि बॅटऱ्या, आणि या वर्षी हमी संपून नव्याने करारात येणारी यंत्रे. तिसरे उपशीर्ष सगळ्यात जास्त विसरले जाते. यंत्रखरेदीला मंजुरी देताना हमी कोणत्या महिन्यात संपते हे ठाऊकच असते. ती तारीख त्याच दिवशी यादीत गेली तर पुढचा खर्च अचानक येत नाही. संगणक प्रणालींची वर्गणी आणि इमारतीची डागडुजी मात्र या ओळीत घेऊ नये. तशी मागणी होईल, पण त्यांचे मोजमाप निराळे आहे.

ओळ एक असावी याचा अर्थ कंत्राटदार एक असावा असा मुळीच नाही, आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होण्याची भीती आम्हाला वाटते. लिफ्ट, यूपीएस आणि प्रयोगशाळेतली मापनयंत्रे एकाच निविदेत घातली तर ती निविदा तिघांपैकी एकही काम स्वतः न करणारा घेतो आणि पोटकंत्राट देतो. तक्रार नोंदवल्यापासून माणूस येईपर्यंत मध्ये एक हात वाढतो. निविदा यंत्रप्रकारानुसारच निघाव्यात. जुळवायचे ते यादी, तारखा आणि तरतूद.

तारखा जुळवताना चालू करार मध्येच तोडू नयेत. वर्षाच्या पाचव्या महिन्यात संपणारा करार त्या विभागाकडेच संपू द्यावा आणि पुढच्या 7 महिन्यांचाच नवा करार करावा, म्हणजे सगळे करार वर्षअखेरीला एकत्र येतात. याचा एक परिणाम आत्ताच सांगून ठेवतो. पहिल्या वर्षी नव्या ओळीवर अर्धेमुर्धे महिने असल्याने ती लहान दिसेल, दुसऱ्या वर्षी पूर्ण बारा महिने आल्यावर मोठी. 'एकत्र केले आणि खर्च वाढला' अशी टीका तेव्हा होणारच. पहिल्याच वर्षी ओळीशेजारी यंत्र-महिन्यांचा आकडा छापला तर वाढ महिन्यांची आहे की दराची, हे कोणालाही पाहता येईल.

आता देयकांविषयी. तरतूद एकत्र झाली तरी काम झाल्याचे प्रमाणपत्र ज्या खोलीत यंत्र आहे तिथल्या कार्यालयानेच द्यावे. पैसे दुसरीकडून जातात म्हटल्यावर सेवा अहवालावर न बघता सही करण्याची वृत्ती वाढते. खोटा अहवाल ओळखणे अवघड नाही. तिमाहीच्या चार अहवालांत विसाच्या वीस बॅटऱ्यांचे व्होल्टेज 13.5 असे शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे असेल, तर झाकण उघडलेच नाही असे समजावे. आकडे खरे असले तरी चार्जिंग चालू असताना घेतलेले मोजमाप कमजोर बॅटरी दाखवेलच असे नाही. मुख्य वीज बंद करून यंत्र भारावर चालवले आणि बाकीच्या बॅटऱ्या 12 व्होल्टच्या आसपास असताना एखादी 10.5 च्या खाली घसरली, तर ती गेली. वर्षातून किमान दोन तपासण्या अशा भारावरच्या हव्यात आणि त्यांच्या नोंदीशिवाय तिमाही देयक निघू नये. आगाऊ वर्षभराचे पैसे तर देऊच नयेत.

करारात 'यंत्र 98 टक्के वेळ चालू' अशी अट असते. एका यंत्राला उरलेले 2 टक्के म्हणजे वर्षाला सुमारे 175 तास, सव्वासात दिवस. पण दहा यंत्रांची सरासरी धरली तर तीच अट पाळून एखादे यंत्र 73 दिवस बंद ठेवता येते, बाकी नऊ चालू असली की झाले. करार एकत्र आणताना हा बदल नकळत घुसतो. टक्केवारी यंत्रागणिक मोजावी, आणि वेळ तक्रार नोंदवल्याच्या मिनिटापासून, तंत्रज्ञ पोहोचल्यापासून नव्हे.

दुसऱ्या उपशीर्षातले, म्हणजे बॅटऱ्यांचे पैसे वर्षअखेरीला दुसरीकडे वळवण्याची मुभा नसावी. बॅटरी अजून चालते आहे, पुढच्या वर्षी बघू, असे म्हणून हाच निधी सर्वांत आधी उचलला जातो.

सुरुवात एका इमारतीतल्या फक्त यूपीएसपासून करता येईल. अनुक्रमांक, जागा, बसवल्याची तारीख, हमीची अखेर, कराराचा प्रकार, वगळलेले भाग, देय महिने आणि बॅटऱ्या बदलल्याचे वर्ष, अशा आठ रकान्यांची यादी विभागांकडून मागवावी आणि सुधारित अंदाज तयार होण्यापूर्वी ती प्रत्यक्ष यंत्रांशी ताडून घ्यावी, ही विनंती.

आपले,
यंत्रदेखभाल आणि लेख्यांचे काम करणारे काही जण