डेंग्यूत ताप उतरला त्या दिवसापासून पुढचे दोन दिवस

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि. मी पस्तीस वर्षं वॉर्डात नोकरी केलेली नर्स आहे, आता रिटायर झालेय, सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहते. दर पावसाळ्यात तुमच्या पेपरात डेंग्यूची बातमी येते आणि त्यात कुणाच्या प्लेटलेट किती झाल्या हेच असतं, लोकांच्या तोंडातही तेवढाच एक शब्द. माझ्या भाच्याच्या बाबतीत दोन महिन्यांपूर्वी जे झालं ते लिहितेय कारण त्यात प्लेटलेटचा आकडा बघत बसल्यामुळेच गडबड झाली, आणि गडबड कमी सलाईनने नाही तर जास्त सलाईनने झाली.

भाचा चोवीस वर्षांचा, यंत्रमागावर कामाला, वजन बरोबर 50 किलो. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं त्यामुळे घरोघरी बॅरल भरलेले असतात, डास कुठून आला हे शोधायची गरजच नाही. सोमवारी ताप आला, बुधवारी रिपोर्ट पॉझिटिव्ह. त्या रिपोर्टात प्लेटलेट 1,10,000 होत्या आणि पीसीव्ही 41. पीसीव्ही म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, हा आकडा लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. ताप 103 होता पण पोरगं पाणी पीत होतं, ताक, पेज, ओआरएस सगळं जात होतं, लघवी दिवसातून पाच वेळा होत होती, म्हणून घरीच ठेवलं आणि पॅरासिटामॉल सोडून बाकी कुठली दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शन घ्यायचं नाही असं मी बजावलं, कारण ब्रुफेन-डायक्लोफेनॅकने रक्तस्राव वाढू शकतो.

शुक्रवारी सकाळी, म्हणजे तापाच्या पाचव्या दिवशी, भावाचा फोन, "ताई, ताप गेला बघ, अंग गार लागतंय, बरं झालं." मी विचारलं जेवला का, तर म्हणाला नाही, चार वेळा उलटी झाली आणि पोट दुखतंय म्हणतोय, झोपूनच आहे. लघवी? ती रात्री दहापासून झालीच नव्हती. मी तशीच रिक्षा करून गेले. उजव्या बरगडीखाली नुसता हात लावला तरी पोरगं कळवळत होतं, नाडी 112, बीपी 106/78, हात अजून कोमट होते एवढंच समाधान.

डेंग्यूत लोक फसतात ते इथेच. ताप उतरला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, पण बहुतेकदा तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो त्याच सुमाराला रक्तवाहिन्या नव्या माठासारख्या पाझरायला लागतात, रक्तातलं पाणी छातीत आणि पोटात झिरपतं, आणि हे साधारण 24 ते 48 तास चालतं. पेशी आतच राहतात, पाणी बाहेर जातं, म्हणून रक्त घट्ट होतं आणि पीसीव्ही चढतो. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्या-नाकातून रक्त, पेशंट सुस्त पडणं किंवा उगाच तळमळणं, लघवी कमी होणं, ताप उतरताना यातलं एक जरी दिसलं तरी घरी थांबायचं नाही, प्लेटलेट किती का असेनात. शुक्रवारी भाच्याचा पीसीव्ही 49 आला. 41 चा 49, म्हणजे जवळजवळ एक पंचमांश वाढ. प्लेटलेट 48,000. भाऊ 48,000 बघून रडायला लागला आणि 49 कडे त्याचं लक्षच नव्हतं.

दवाखान्यात (नाव लिहीत नाही) सुरुवातीचं काम फार व्यवस्थित झालं. साधं सलाईन म्हणजे 0.9 टक्के मिठाचं लावलं, रिंगर लॅक्टेटही चालतं, पण साखरेचं 5 टक्के डेक्स्ट्रोज यात चालत नाही कारण ते रक्तवाहिनीत टिकत नाही. वजनावर हिशोब होता: किलोला ताशी 5 मिली, 50 किलोला 250 मिली, म्हणजे अर्ध्या लिटरची बाटली दोन तासात. आपल्याकडच्या साध्या सेटमध्ये 20 थेंबांचा एक मिली धरतात, तर हे मिनिटाला 83 थेंब होतात. दोन तासांनी नाडी 98 झाली, मग किलोला 3 मिलीवर आणलं, चार तासांनी पीसीव्ही 46 आला, मग 2 मिलीवर, शनिवारी दुपारी त्याहून कमी, ताशी 75 मिली. दर वेळी आधी पेशंट बघायचा, नाडी-बीपी-लघवी-पीसीव्ही, आणि मग थेंब कमी करायचे. मी रिकामी सलाईनची बाटली वरून कापून लघवीला ठेवली होती, तिच्यावर आकडे असतातच, तासाला किमान 25 मिली व्हायला पाहिजे होती आणि होत होती. सलाईन एवढंच द्यायचं की नाडी आणि लघवी चालू राहील, त्याच्या वर दिलेलं पाणी शेवटी छातीतच जातं, हे मी वॉर्डात किती वेळा पाहिलंय.

शनिवारी रात्री मी पंढरपूरला लग्नाला गेले, तिथेच माझी चूक झाली, भावाला नीट समजावून सांगायला पाहिजे होतं.

रविवारी सकाळी, सातव्या दिवशी, पोराची नाडी 72, बीपी 110/70, एका वेळेला 400 मिली लघवी, भूक लागली म्हणून इडली मागितली, तळहात-तळपाय खाजत होते, पायावर लाल पुरळ आणि मधे मधे पांढरे ठिपके. पीसीव्ही 39. वॉर्डातल्या कुणाही जुन्या नर्सला विचारा, ही बरं होण्याची लक्षणं आहेत. पाझर थांबलाय, आणि आता छाती-पोटात साचलेलं पाणी परत रक्तात यायला लागलंय. म्हणजे पेशंटला आतूनच सलाईन चालू झालंय, बाहेरचं बंद करायचं, सुई ठेवायची पण बाटली काढायची. पण त्याच रिपोर्टात प्लेटलेट 22,000 होत्या. ड्युटी बदललेली, नातेवाईक डॉक्टरांच्या मागे लागलेले, 22,000 झाल्या आणि तुम्ही सलाईन काढता म्हणजे काय. रक्त कुठून येत नव्हतं तरी चार पिशव्या प्लेटलेट चढवल्या, सलाईनही चालूच ठेवलं. संध्याकाळी तर भावानेच रोलर सरकवून थेंब वाढवले, पोराला लवकर ताकद यावी म्हणून, आणि चार तासात दोन बाटल्या संपल्या. भावाला मी दोष देत नाही, कुणीच त्याला सांगितलं नव्हतं की तो रोलर म्हणजे औषधाचा डोस आहे. पण दवाखान्यात रात्रीतून दोन वेळा येऊन थेंब मोजणारं कुणी नसावं याचा मला अजून राग आहे.

रात्री अकराला मी परत आले तेव्हा पोरगं पलंगावर ताठ बसलेलं, आडवं झालं की खोकला, "आत्या, श्वास पुरत नाही" म्हणतंय. श्वास मोजला, मिनिटाला 38. ऑक्सिजन 89. उजव्या बाजूला खाली स्टेथोस्कोप लावला तर आवाजच नाही. बाजूचे लोक म्हणत होते डेंग्यू डोक्यात चढला, अजून प्लेटलेट आणा. मी आधी रोलर बंद केला आणि मग डॉक्टरांना उठवलं.

त्या डॉक्टरांनी बरोबर केलं ते सांगते. पहिले हात-पाय बघितले, गरम होते, बीपी 128/80, नाडी भरलेली. कारण पीसीव्ही खाली येण्याचे दोन अर्थ होतात. हात गरम, नाडी शांत, लघवी भरपूर असेल तर पाणी परत येतंय, सलाईन बंद. पण पीसीव्ही खाली आणि हात गार, नाडी पळतेय, बीपीचे वरचे-खालचे आकडे जवळ आलेत, तर आत कुठेतरी रक्त जातंय आणि तिथे सलाईन नाही, रक्तच द्यावं लागतं. भाच्याचं पहिलं होतं, म्हणून ऑक्सिजन, बाटली बंद आणि लॅसिक्स, म्हणजे लघवी होण्याचं इंजेक्शन. हेच इंजेक्शन शुक्रवारी पाझर चालू असताना दिलं असतं तर शरीरात फिरणारं उरलंसुरलं पाणीही लघवीवाटे गेलं असतं आणि पोरगं शॉकमध्ये गेलं असतं, म्हणून धाप लागली की लगेच लॅसिक्स असंही नाही, दिवस कितवा आणि नाडी कशी हे बघूनच. एक्सरेत उजव्या छातीत पाणी दिसलं, पण टोचून काढलं नाही, प्लेटलेट कमी असताना छातीत सुई घालणं म्हणजे रक्तस्राव ओढवून घेणं. सकाळपर्यंत 1800 मिली लघवी झाली आणि पोरगं पाठीवर झोपलं. प्लेटलेट मंगळवारी 58,000, गुरुवारी 1,20,000, पपईच्या पानाचा रस आणि किवी तोपर्यंत टेबलावर तसेच पडून होते.

साहेब, एवढीच विनंती आहे, पुढच्या वेळी डेंग्यूची बातमी छापाल तेव्हा प्लेटलेटच्या शेजारी तापाचा कितवा दिवस, पीसीव्ही किती आणि लघवी कधी झाली हे पण लिहा. आणि लोकांनी सलाईनच्या रोलरला हात लावू नये हे ठळक अक्षरात लिहा. डॉक्टर म्हणाले आता सलाईन नको, तर भांडू नका, का नको ते विचारा, ते पीसीव्ही दाखवतील.

आमच्या शेजारची अकरावीतली पोरगी परवापासून तापलीय, आज तिसरा दिवस. फ्रिजवर कागद चिकटवलाय, ताप, पाणी किती प्याली, लघवी किती वाजता, तिची आई लिहिते. उद्या-परवा कधीतरी ताप उतरेल, त्या रात्री मी त्यांच्याकडेच झोपायला जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स, सोलापूर